खर्रा आणि प्रतिबंधाचे तीन स्तर
वर्धा जिल्ह्यात सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा गालात धरला जातो आणि सुपारीतील अरेकोलीन या द्रव्यामुळे अस्तराखाली तंतू साचून तोंड आखडत जाते. ही सवय लागूच न देणे हा प्राथमिक प्रतिबंध होय. तिखटाने होणारी जळजळ, पांढुरके अस्तर आणि तोंडात तीन बोटे उभी न मावणे यांवरून रोग लवकर ओळखून खर्रा सोडवणे व उपचार करणे हा द्वितीयक. परीक्षार्थींची गफलत बहुधा येथेच होते, कारण सवय सोडवणे त्यांना नेहमी प्राथमिकच वाटते. साचलेले तंतू सहसा विरत नसल्याने ते शस्त्रक्रियेने छेदून, नंतर महिनोन्महिने तोंड उघडण्याचे व्यायाम करवून खाण्या-बोलण्याची क्षमता परत मिळवणे हा तृतीयक प्रतिबंध. व्यायाम थांबल्यास तोंड पुन्हा आखडते.