टक्कल आणि पौरुष

टकलासंबंधानें आपल्याकडे दोन परस्परविरुद्ध समजुती सुखेनैव नांदत आहेत. जळगांव-धुळ्याकडील एखाद्या न्हाव्याच्या दुकानांत घटकाभर बसणारास त्या दोन्ही ऐकूं येतील. एकाच्या मतें टक्कल हें उसळत्या पौरुषाचें लक्षण, तर दुसऱ्याच्या मतें ओसरत्या पौरुषाचें. दोन्ही मतें एकाच वेळीं खरीं असणें शक्य नाहीं. दोन्ही खोटीं असणें मात्र शक्य आहे, आणि वस्तुस्थिति तशीच आहे.

पहिल्या मतास थोडासा आधार आहे. खोजांना टक्कल पडत नाहीं, असें हिपोक्रेटिस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या नांवें चालणाऱ्या सूत्रांत म्हटलें आहे. १९४२ सालीं जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञानें त्याची परीक्षा केली. ज्यांचे वृषण वयांत येण्यापूर्वींच निकामी झाले होते, अशांना टक्कल पडलेलें त्यास आढळलें नाहीं. मात्र टेस्टोस्टेरोन हा पुरुषी अंतःस्राव बाहेरून दिला, तेव्हां ज्यांच्या घराण्यांत टक्कल होतें त्यांचे केस मागें हटूं लागले. औषध थांबवितांच टक्कल वाढावयाचें थांबलें. म्हणजे स्राव हवा, तसाच वंशाचा कलही हवा.

पण केसांच्या मुळाशीं मुख्य काम टेस्टोस्टेरोनचें नव्हे. त्वचेंतील एक पाचक द्रव्य त्याचें रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरोनमध्यें करतें. त्यासच संक्षेपानें डीएचटी म्हणतात. जीं मुळें जन्मतःच त्यास हळवीं असतात, त्यांच्यांत केसाचा कित्येक वर्षांचा वाढीचा काळ आखूड होत जातो. प्रत्येक नवा केस आधीच्याहून बारीक उगवतो, आणि शेवटीं लव तेवढी उरते. मानेकडील मुळें अशीं हळवीं नसतात, म्हणून तेथील झालर टिकते.

या दोन स्रावांचीं कामें निसर्गानेंच वेगळीं करून दाखविलीं आहेत. डोमिनिकन प्रजासत्ताकांतील सालिनास गांवच्या कांहीं घराण्यांत तें पाचक द्रव्य जन्मतः अपुरें असतें. जुलिआन इम्पेराटो-मॅकगिन्ली व त्यांचे सहकारी यांनीं १९७४ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. हीं मुलें जन्मतां मुलींसारखीं दिसतात. पण वयांत येतांना टेस्टोस्टेरोनच्या बळावर आवाज फुटतो, स्नायू भरतात, कामवासनाही पुरुषाची असते. डीएचटी मात्र थोडें. म्हणून दाढी विरळ राहते आणि टक्कल पडत नाहीं. पौरुष आहे आणि टक्कल नाहीं, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

टक्कल पडलेल्या व न पडलेल्या पुरुषांच्या रक्तांतील टेस्टोस्टेरोनमध्यें सामान्यतः लक्षणीय फरक नसतो. फरक आहे तो मुळांच्या हळवेपणाचा. पाऊस सारखाच पडला तरी काळी जमीन आणि बरड यांचें पीक सारखें येत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. डीएचटी घटविणारी फिनास्टेराइडची गोळी अमेरिकेंत १९९७ पासून केसांसाठीं मान्य आहे. तिनें टेस्टोस्टेरोन घटत नाहीं. तरी थोड्या पुरुषांत कामेच्छा मंदावल्याचें आढळलें आहे, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून घेऊं नये.

कानशिलें व टाळू यांवरून हळूहळू ओसरणारे केस, हें या टकलाचें रूप. एकाएकीं पडणारी वाटोळी चाई, किंवा दीर्घ तापानंतरची केसगळती, हीं वेगळीं दुखणीं होत.