हेड, टेल आणि रागाचे पाच गुण

पदवीधर मित्रमैत्रिणींनो,

 थेट माझ्या तक्रारीकडे येतो.

वर्तमानपत्रात लागलो तेव्हा मला वाचकांच्या पत्रांवर बसवलं. ती शिक्षाच समजत. पोस्टकार्डं यायची, वहीची फाडलेली पानं यायची. नावगाव नसलेलं पत्र टोपलीत जाई. कालव्याच्या पाण्याबद्दल टेलच्या शेतकऱ्यानं लिहिलं की हेडवाला चिडून उत्तर धाडायचा. तेही त्याच स्तंभात छापायचं, हा आमच्या संपादकांचा दंडक. छापून यायला आठवडा जाई. तेवढ्यात राग उतरायचा आणि मुद्दा उरायचा: आवर्तन कधी सुटलं, चारी कुणी फोडली. दोघांना एकमेकांचं म्हणणं वाचावंच लागे, कारण पान एकच होतं.

पुढे तो स्तंभ जाहिरातींनी खाल्ला. मग वरून निरोप आला, फेसबुकवर भांडण लागेल असं शीर्षक द्या. आम्ही म्हातारे कुरकुरलो. कुणी ऐकलं नाही.

त्या निरोपामागचं गणित मला फार उशिरा कळलं. 2017 पासून फेसबुक साध्या लाइकला एक गुण धरी, तर रागावलेल्या चेहऱ्याला पाच. 2018 मध्ये कमेंट आणि शेअर यांचंही वजन वाढवलं. जास्त गुणांची पोस्ट जास्त लोकांना दिसणार. म्हणजे टेलवाल्यानं आवर्तनाच्या तारखा मांडल्या तर त्या खाली राहणार, आणि हेडवाल्याला चोर म्हटलं तर गावभर पोचणार. शिवाय हेडवाल्याचं उत्तर टेलला दिसेलच याची हमी नाही. पान आता प्रत्येकाचं वेगळं.

राजकीय पक्षांना हे लगेच उमगलं. फेसबुकच्याच 2019 च्या एका अंतर्गत अहवालात पोलंडमधल्या एका पक्षाचा हिशेब आहे. पूर्वी त्यांच्या निम्म्या पोस्ट टीकेच्या असत, या बदलानंतर त्यांनी ते प्रमाण 80 टक्क्यांवर नेलं. ध्येयधोरणं मांडणं परवडेना! वादविवाद स्पर्धेत परीक्षकांनी मुद्द्याला एक आणि शिवीला पाच गुण दिले असते, तर तुम्ही तरी काय तयारी केली असती?

आणि लोक मुळातच भांडखोर, हा बचाव मला सांगू नका. 2020 मध्ये कंपनीनं रागाच्या चेहऱ्याचं वजन शून्यावर आणलं. अपप्रचार कमी दिसू लागला, आणि लोकांचा वापर काही घटला नाही. मग रागाचे ते जादा गुण तोवर कुणासाठी ठेवले होते?

तुमच्यातले काही बातमीदार होतील, काही अशा कंपन्यांत गुण ठरवायला बसतील. दोघांकडे मी एकच गोष्ट हट्टानं मागतो. ज्याच्यावर आरोप छापाल, त्याचं उत्तर त्याच वाचकाला दाखवा, तेवढ्याच अक्षरात. संपादक जागा नाही म्हणतील. तेव्हा जाहिरातीचं पान दाखवून त्यांच्याशी भांडा.