शिवणाच्या वहीतली कंबर

आज पोटाविषयी बोलायचं आहे. भुकेच्या पोटाविषयी नव्हे, सुटलेल्या पोटाविषयी. मराठीत आपण ‘पोट वाढलं’ म्हणतो, पण त्याहून जास्त वेळा ‘पोट सुटलं’ म्हणतो. जणू इतकी वर्षं ते कुणीतरी बांधून ठेवलं होतं आणि एक दिवस गाठ सैल झाली. कविता लिहिणारीला हा शब्द नेहमीच आवडला होता. तो शरीरशास्त्राच्या किती जवळचा आहे, हे मात्र मला पन्नाशीत कळलं.

मी डॉक्टर नाही, मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई आहे. पण आमच्या कर्जत-खालापूरच्या गावांमधून आरोग्य तपासणीची शिबिरं होतात, तिथे नोंदवही लिहायला मी बसते. पंचेचाळीस ते पंचावन्नच्या बायका टेबलाशी येतात आणि दहातल्या सहा-सात जणी एकच तक्रार सांगतात. “ताई, खाते तेवढंच. वजन काट्यावर फार हलत नाही. पण हे पोट कुठून आलं?” आणि मागे उभी असलेली सून किंवा नवरा हसून म्हणतो, खात्यापित्या घरची आहे! ते हसणं मला कधीच आवडलेलं नाही, कारण बाई खरं सांगत असते.

तिचं म्हणणं खरं आहे याचा पुरावा मला माझ्या थोरल्या बहिणीच्या, आपाच्या वहीत मिळाला. आपा नेरळच्या बाजारात बायकांचे कपडे शिवते. गिऱ्हाईक कितीही जुनं असो, दर वेळी नवं माप घ्यायचं आणि तारीख घालून लिहायचं, ही तिची शिस्त. छाती, कंबर, सीट. राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात होतं, अशा एका गावातल्या वहिनी तिच्याकडे वर्षानुवर्षं पंजाबी ड्रेस शिवायला येतात. त्यांच्या परवानगीने त्यांची मापं सांगते. नाव सांगत नाही.

२०१२ साली वहिनी त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. कंबर २९ इंच, सीट ३७. २०१५ मध्ये कंबर साडेतीस, सीट तीच. २०१६ मध्ये त्यांची पाळी कायमची थांबली. २०१८ सालची नोंद पाहा : कंबर ३३, सीट ३७. आणि २०२३ मध्ये कंबर साडेतेहतीस, सीट मात्र साडेछत्तीस. म्हणजे अकरा वर्षांत कंबर साडेचार इंचांनी वाढली, त्यातली बहुतेक वाढ पाळी जाण्याच्या आगेमागे झाली, आणि मांड्या-नितंबांचा घेर उलट थोडा उतरला. या सगळ्या काळात वजन ५४ किलोचं ५६ झालं. फक्त दोन किलो! काटा जे सांगत नव्हता, ते आपाच्या टेपने लिहून ठेवलं होतं.

आता यामागचं कारण. तारुण्यात बाईच्या अंडाशयातून इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक पाझरत असतं. शरीराला चरबी कुठे साठवायची हे ठरवण्यात त्याचा मोठा हात असतो. ते चरबीला मांड्या, नितंब, त्वचेखालची जागा इकडे वळवतं. बाळंतपण आणि अंगावर पाजण्याच्या दिवसांसाठी ही शिदोरी असते. चाळिशीच्या उत्तरार्धात अंडाशय थकतात, इस्ट्रोजेन आधी वर-खाली होतं आणि मग खूपच कमी होतं. पाळी सलग बारा महिने आली नाही, की ती गेली असं डॉक्टर धरतात. आपल्या देशात हे सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी होतं, पाश्चात्त्य देशांत एकावन्नच्या आसपास. इस्ट्रोजेनचा हा हात सुटला, की नवी चरबी पुरुषांसारखी पोटात जमू लागते. गाठ सैल झाली म्हणते, ती अशी.

पोटातली ही चरबी म्हणजे चिमटीत धरता येते ती नव्हे. ती कातडीखाली असते. ही आतली. आमच्या घरी बकरी ईदला बकरा कापला, की पोट उघडताच आतड्यांवर पांघरलेला चरबीचा जाळीदार पडदा दिसतो. पांढरा, ओढणीसारखा. तसाच पडदा माणसाच्या पोटातही असतो, आणि नेमका तोच जाड होत जातो. तिथलं रक्त थेट यकृताकडे जातं. त्यामुळे या चरबीतून सुटणारे स्निग्ध पदार्थ आधी यकृतावर येऊन आदळतात, यकृतात चरबी साठते, इन्सुलिनचं काम अडखळतं आणि रक्तातली साखर चढू लागते. मांडीवरची चरबी असा उपद्व्याप करत नाही. म्हणून प्रश्न दिसण्याचा नाही, जागेचा आहे.

अमेरिकेत १९९६ पासून बायकांच्या या वयाचा एक मोठा अभ्यास चालू आहे. त्याचा २०१९ मध्ये छापलेला एक निष्कर्ष आपाच्या वहीशी जुळतो. वजन वयाबरोबर सावकाश, एका चालीने वाढतं, पाळी जाताना त्याचा वेग बदलत नाही. पण शेवटच्या पाळीच्या साधारण दोन वर्षं आधीपासून नंतरच्या दीड-दोन वर्षांपर्यंत चरबी वाढण्याचा वेग दुप्पट होतो आणि स्नायू घटू लागतात. नंतर हा वेग ओसरतो. चरबी आली, स्नायू गेले, काटा जवळपास तिथेच! त्या अभ्यासात भारतीय बायकांचा वेगळा गट नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं.

पण आपली गोष्ट आपल्याच पुण्यात सापडते. तिथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बाया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा लहानखुरी आणि हडकुळी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून! २००४ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि आपले ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन यदकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन मोजायचा आकडा दोघांचाही २२.३. पण यदकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. हे दोघे पुरुष होते, पण धडा आपल्या बायकांनाही लागू आहे. आपण वरून बारीक असतो आणि आतून चरबीचे. खालापूरकडच्या शिबिरात पंचेचाळीस किलोच्या, हाताला काडीसारख्या बायका पोट घेऊन येतात, तेव्हा मला तो फोटो आठवतो. त्यांतल्या काहींचं पोट बाळंतपणांनी सैल झालेल्या स्नायूंमुळेही पुढे आलेलं असतं, हे वेगळं.

संप्रेरकावर सगळं ढकलून मात्र चालणार नाही. वहिनींची जमीन २०१४ मध्ये विकली गेली. आज तिथे मुंबईच्या कुणाचं फार्महाऊस आहे. त्याआधी लावणीचे पंधरा-वीस दिवस दिवसभर वाकून चिखलात, वर्षातून दोनदा. शिवाय कापणी, झोडणी, भाऱ्यांची डोकी. त्याच सुमारास दारात नळ आला आणि घरात मिक्सर. यातलं काहीही परत जावं असं मी म्हणणार नाही. त्या कष्टांचं कौतुक करणारे बहुधा बांधावर उभे असतात. पण हिशोब मांडायला हवा. एक किलो स्नायू बसल्या जागी दिवसाला जेमतेम १३ कॅलरी जाळतो. दोन किलो स्नायू गेले तरी २६ कॅलरी, म्हणजे तांदळाच्या भाकरीचा एक लहानसा तुकडा. खरा फरक पडतो तो गेलेल्या कामाचा. काम गेलं म्हणून स्नायू गेले, ताट मात्र शेतकऱ्याचंच राहिलं : भाताचा ढीग, वर आमटीचं पाणी. पाळी जाणं आणि शेत जाणं एकाच वेळी घडलं, म्हणून दोघांचा परिणाम वेगळा काढणं कठीण.

वहिनींनी काय केलं? आधी रात्रीचं जेवण बंद केलं. सहा महिन्यांत वजन ५३ वर आलं, कंबर ३३ वर. पायांतली ताकद गेली, जिना चढताना कठड्याला धरायची वेळ आली, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ निघाली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. उपाशी राहून स्नायूही जातात, हे तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी समजावलं. मग रात्रीचं जेवण परत आलं, भात निम्मा झाला, दाट वरण, दोन अंडी किंवा सुकट रोज ताटात आली. दोन अंड्यांत बारा ग्रॅम प्रथिनं असतात. त्यांना दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आसपास लागतात. आणि आठवड्यातून तीन दिवस व्यायाम : हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या उचलणं. शिवाय संध्याकाळी झपाझप चालणं. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जाते, हा गैरसमज आहे. वर्षभराने वजन ५४ झालं, म्हणजे एक किलोने वाढलं! पण कंबर ३२ झाली आणि साखर ५.८. चमत्कार नाही, पण आतली चरबी व्यायामाला बाहेरच्या चरबीपेक्षा लवकर दाद देते, हे दिसलं.

माप घरीही घेता येतं. साडी किंवा सलवारीची नाडी जिथे बांधतो, तिथे नाही. नाडी पोटाखाली सरकते, म्हणून जुना कपडा बसतो यावर विसंबू नका. उभं राहून कुशीला बोट लावा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध टेप आडवा गुंडाळा, श्वास सहज सोडा, पोट आत न ओढता वाचा. आपल्याकडच्या बाईसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही मर्यादा धरतात. त्यापुढे माप गेलं, तर रक्तातली साखर, रक्तदाब आणि रक्तातली चरबी तपासून घ्यावी. इस्ट्रोजेनच्या गोळ्या डॉक्टर अंगाची लाही, रात्रीचा घाम यांसाठी देतात. नुसतं पोट कमी करायला त्या नसतात.

आणि एक सांगते, कारण शिबिरात अशी एक बाई आली होती. तिलाही घरचे ‘वय झालं, पोट सुटलं’ म्हणत होते. वयाचं पोट वर्षांच्या हिशोबाने वाढतं. तिचं दोन महिन्यांत फुगलं होतं, दोन घासांत पोट भरत होतं, हातपाय मात्र सुकत चालले होते. सोनोग्राफीत अंडाशयाची गाठ निघाली. पोट असं भराभर वाढत असेल, कडक लागत असेल किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं असेल, तर टेप बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.