अर्धशिशीची वही : न्यूरोलॉजिस्टकडे जाण्याआधी



अर्धशिशी रक्ताच्या तपासणीत सापडत नाही आणि एमआरआयमध्येही तिची खूण मिळत नाही. तिचं निदान रुग्णाच्या सांगण्यावरूनच होतं. म्हणून ‘महिन्यातून किती दिवस डोकं दुखतं?’ या प्रश्नाला ‘अधूनमधून दुखतंच’ असं उत्तर आलं, की डॉक्टरांचं काम अडतं. आठवणीत मोठी दुखणी राहतात, बारीक ठणक्याचे दिवस गळून जातात. भेटीची तारीख लांबची असेल, तर मधल्या काळात वही लिहायला घ्या.

रात्री झोपताना दोन मिनिटं पुरतात. डोकं दुखलं असेल तर कधी सुरू झालं, कधी थांबलं, एका बाजूला होतं की दोन्ही, जिना चढताना वाढलं का, मळमळ झाली का, उजेड आणि आवाज नकोसा झाला का, हे लिहा. औषध न घेता अर्धशिशी साधारण 4 ते 72 तास टिकते, म्हणून वेळ महत्त्वाची. तीव्रतेसाठी तीन शब्द बस झाले : काम चालू राहिलं, अडलं, की आडवं व्हावं लागलं. बायकांनी पाळीचा पहिला दिवसही मांडावा. आणि डोकं दुखलं नाही, त्या दिवशीही नोंद करायची. झोप किती झाली, जेवण किती वाजता झालं आणि ज्या एक-दोन गोष्टींवर संशय आहे त्या घडल्या का, एवढं लिहायचं.

बऱ्या दिवसांची नोंद कशाला, ते उदाहरणाने पाहू. समजा, एका बाईंना खात्री आहे की शेंगदाण्याने पित्त होतं आणि पित्ताने डोकं दुखतं. बारा आठवड्यांच्या, म्हणजे 84 दिवसांच्या वहीत 36 दिवस डोकेदुखीचे निघाले. शेंगदाणे 40 दिवस पोटात गेले होते, त्यांपैकी 17 दिवशी डोकं दुखलं. नुसतं हेच पाहिलं तर संशय पक्का होतो. पण शेंगदाणे न खाल्लेल्या 44 दिवसांपैकीही 19 दिवशी दुखलंच होतं. प्रमाण जवळजवळ सारखंच, म्हणजे शेंगदाण्यावरचा आळ टिकत नाही. आता दुसरा रकाना. दुपारचं जेवण तीननंतर झालं असे दिवस 12, त्यांत दुखलं 10 दिवशी. वेळेवर जेवलेल्या 72 दिवसांत दुखलं 26 दिवशी, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. इथे धागा सापडतो. पण बारा दिवस हा आकडा लहान आहे, आणि उशिरा जेवण झालं त्या दिवशी धावपळ, ऊन, अपुरी झोपही असू शकते. म्हणून पुढचा महिनाभर फक्त जेवणाची वेळ सांभाळायची, बाकी काही बदलायचं नाही, आणि फरक पडतो का ते बघायचं. एकदम पाच पदार्थ सोडले तर कशाने काय झालं, ते कळत नाही.

आणखी एक चकवा आहे. दुखणं सुरू होण्याच्या काही तास आधी, कधी आदल्या दिवसापासूनच, अर्धशिशीची चाहूल लागते : सारख्या जांभया, मान आखडणं, गोड खावंसं वाटणं. त्या भरात चॉकलेट खाल्लं आणि मग डोकं दुखलं, की दोष चॉकलेटला जातो. खरं तर झटका आधीच सुरू झालेला असतो. म्हणून अशी लक्षणंही वेळेसकट लिहा.

वहीतला सर्वांत मोलाचा रकाना मात्र गोळ्यांचा आहे. नाव, मात्रा, वेळ, आणि दोन तासांनी उतार पडला का. याच बाईंच्या वहीत चार-चार आठवड्यांचे गोळ्यांचे दिवस 11, 10 आणि 12 निघाले. गोळी होती पॅरासिटामॉल आणि कॅफीनची, म्हणजे मिश्र. मिश्र वेदनाशामकं किंवा ट्रिप्टान महिन्याला 10 किंवा अधिक दिवस, आणि साधं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन 15 किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त काळ चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढू शकते. मोजायचे ते गोळी घेतल्याचे दिवस. एका दिवसात दोन घेतल्या तरी दिवस एकच. आकडा दिसला म्हणून आपल्या मनाने गोळ्या एकदम बंद करू नका. सुरुवातीला दुखणं उसळू शकतं. त्या कशा कमी करायच्या आणि रोजचं प्रतिबंधक औषध हवं का, हे डॉक्टर याच आकड्यांवरून ठरवतील.

काही दुखण्यांनी वहीसाठी थांबायचं नसतं. क्षणात शिगेला पोचलेली भयंकर डोकेदुखी, तापासोबत आखडलेली मान, हातापायातली कमजोरी, अडखळणारी जीभ असेल तर थेट रुग्णालय गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीही लवकर दाखवा.

भेटीला जाताना अख्खी वही वाचायला देऊ नका. एका पानावर दर महिन्याचे डोकेदुखीचे दिवस, आडवं व्हावं लागलेले दिवस, गोळ्यांचे दिवस, पाळीशी मेळ आणि आजवर घेतलेली औषधं लिहा. त्याखाली संशयित गोष्ट, ती घडली तेव्हाचे आणि घडली नाही तेव्हाचे आकडे शेजारीशेजारी मांडा. वही सोबत असू द्या. डॉक्टर शंका काढतील, तेव्हा ते पान उघडता येईल.