जोडाक्षरांची चढती पायरी

नंदुरबार जिल्ह्यात अनेक बालके घरी भिली वा पावरी बोलतात. त्यामुळे तिसरीच्या जोडाक्षरांसाठी त्यांच्या परिचयाचेच शब्द निवडावेत, आणि तेही अक्षरांच्या घडणीनुसार.

पहिल्या पायरीवर दंड गळणारी अक्षरे यावीत : रस्ता, मिरच्या. दुसऱ्या पायरीवर ‘अक्कलकुवा’ घ्यावा; येथे ‘क’चा उजवा आकडा आखूड होतो. तिसरीवर ‘सातपुड्यात’, ‘ड’ला दंड नसल्याने तो पूर्ण राहतो व ‘य’ त्याला बिलगतो. ‘र’ मात्र अखेरीस घ्यावा.

खरी अडचण तेथेच येते. मूल ‘पर्वत’ऐवजी ‘प्रवत’ लिहिते. अशा वेळी ‘अक्राणी’ आणि ‘पर्वत’ हे शब्द शेजारी मांडावेत. ‘अक्‌-राणी’ म्हणताना ‘क्’ आधी व ‘र’ नंतर ऐकू येतो, म्हणून ‘र’ची तिरकी रेघ ‘क’च्या अंगी लागते. ‘पर्‌-वत’ म्हणताना ‘र्’ हा ‘व’च्या आधी येतो, म्हणून रफार ‘व’च्या डोक्यावर बसतो. ‘प’वर नव्हे. ‘दऱ्या’तील ‘र’ निराळा. तो त्यानंतर शिकवावा.

प्रथम शब्द फोडून म्हणावा, मग धुळीत बोटाने, नंतर पाटीवरील ठिपक्यांवरून गिरवावा आणि शेवटी ठिपके पुसून लिहवून घ्यावा. गिरवण्याने हात वळतो, कान तयार होत नाही. गिरवलेले अचूक, पण श्रुतलेखनात ‘प्रवत’ आले, तर आणखी गिरवून उपयोग नाही. पुन्हा शब्द फोडण्याकडेच वळावे.