मडक्याच्या प्रकल्पाला गुण कसे द्यावेत



या अधिवेशनाचं अध्यक्षपद तुम्ही वर्गात रोज उभ्या राहणाऱ्या एका प्राथमिक शिक्षिकेला दिलंत, याबद्दल मी तुमची ऋणी आहे. आज मी एकाच कागदाबद्दल बोलणार आहे. पाचवीची मुलं पारंपरिक कारागिरीवर प्रकल्प करतात, वर्गासमोर तो सांगतात आणि आपण त्याला दहापैकी गुण देतो. ते गुण ज्यावरून ठरतात, त्या निकषांच्या कागदाबद्दल मला बोलायचं आहे.

2010 साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि आकारिक मूल्यमापनाच्या साधनांमध्ये प्रकल्पाला जागा मिळाली. प्रकल्प आला, पण तो मोजायचा कसा हे आपण आपल्या सवयीने ठरवलं. माझ्या वर्गातला तेव्हाचा कागद असा होता : विषयाची मांडणी, आकर्षक सजावट, मॉडेल, प्रभावी सादरीकरण आणि वक्तशीरपणा, प्रत्येकाला दोन गुण. हा कागद चुकीचा आहे हे मला एका मुलीमुळे कळलं.

त्या वर्षी विषय होता मडकं. वर्गातल्या एका मुलाने थर्माकोलचं चाक, रंगीत मडकी आणि छापील अक्षरांचा तक्ता आणला. मडकं घडण्याच्या सगळ्या पायऱ्या त्याने खड्या आवाजात, न अडखळता म्हणून दाखवल्या. मी त्याला नऊ गुण दिले. त्याच्यानंतर एक मुलगी आली. तिच्या हातात फक्त एक फुटकी खापरी होती. हळू आवाजात ती म्हणाली, "मडकं उन्हात नाही, सावलीत सुकवतात. उन्हात बाहेरची माती लवकर आकसते, आतली ओलीच राहते, मग चीर जाते." मातीत राख आणि लीद का मिसळतात तेही तिने सांगितलं. लीद भट्टीत जळून जाते, तिथे बारीक छिद्रं राहतात, त्यातून पाणी झिरपतं, बाहेर वाळतं आणि आतलं पाणी गार होतं. ती कुंभारवाड्यात गेली तेव्हा भाजलेलं मडकं कुंभारकाका बोटाने वाजवून बघत होते. तिने त्यांना विचारलं होतं, "वाजवून काय कळतं?" खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कुठेतरी चीर आहे किंवा ते कच्चं राहिलंय, असं उत्तर मिळालं होतं. थापटण्याची पायरी सांगायची मात्र ती विसरली.

माझ्या कागदावर तिला चार गुण बसले. सजावट नाही, मॉडेल नाही, आवाज लहान. कुंभारवाड्यात जाऊन डोळे उघडे ठेवून परत आलेलं मूल माझ्या कागदाला दिसलंच नाही.

तो कागद मी पुढच्या वर्षभरात तीनदा फाडला. आता त्यात चार ओळी आहेत आणि प्रत्येक ओळ मुलाच्या तोंडची आहे.

पहिली ओळ क्रमाची, तीन गुणांची. "मी सगळ्या पायऱ्या क्रमाने सांगितल्या" याला तीन. "एखादी पायरी सुटली किंवा मागेपुढे झाली" याला दोन. "मी सुरुवात आणि शेवट सांगितला" याला एक. मडक्याच्या पायऱ्या सहा धरल्या आहेत : माती भिजवणं, तुडवणं, चाकावर घडवणं, थापटणं, सुकवणं, भाजणं.

दुसरी ओळ कारणाची, तीही तीन गुणांची. "दोन पायऱ्या तशाच का करतात ते मी सांगितलं" याला तीन, एका पायरीचं कारण सांगितलं तर दोन, नुसतं काय करतात ते सांगितलं तर एक.

तिसरी ओळ प्रश्नाची, दोन गुणांची. "मी कारागिराला स्वतःचा एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर वर्गाला सांगितलं" याला दोन. दुसऱ्याने विचारलेला प्रश्न सांगितला तर एक.

चौथी ओळ सांगण्याची, दोन गुणांची. शेवटच्या बाकापर्यंत कळलं तर दोन, पुढच्या बाकांना कळलं तर एक. इथे शब्द "कळलं" असा आहे, "ऐकू आलं" असा नाही. ज्याची जीभ अडखळते त्याने हाताने करून दाखवलं किंवा फळ्यावर काढून दाखवलं, तरी पूर्ण गुण.

आता तीच दोन मुलं या कागदावर ठेवून बघा. मुलीला क्रमाचे दोन, कारणाचे तीन, प्रश्नाचे दोन, सांगण्याचा एक, म्हणजे आठ. मुलाला क्रमाचे तीन, कारणाचा एक, प्रश्नाचं शून्य, सांगण्याचे दोन, म्हणजे सहा. मुलगा हुशारच होता. त्याला काय शोधायचं ते मी सांगितलंच नव्हतं. म्हणून आता हा कागद कुंभारवाड्यात जाण्याआधी मुलांच्या हातात असतो आणि ज्याला हवं त्याला पुन्हा जाऊन यायची मुभा असते. अशी पुन्हा जाऊन आलेली एक मुलगी सांगत होती, "चाकावरून उतरतं तेव्हा मडकं जाड असतं आणि खालून उघडं असतं. आतून दगड धरून बाहेरून थापीने थापटतात, तेव्हा तळ मिटतो आणि भिंत पातळ होते." हे वाक्य कुठल्याही तयार तक्त्यावरून उतरवलेलं नव्हतं.

निकषाची ओळ बिघडली आहे हे ओळखायची माझी एक रीत आहे. एकाच मुलाचं सांगणं दोन शिक्षकांनी ऐकायचं आणि एकमेकांना न विचारता गुण द्यायचे. फरक पडला तर दोष बहुधा त्या ओळीत असतो. "मुद्देसूद व आकर्षक" असं लिहिलं की एक शिक्षक मुद्दे बघतो, दुसरा रंग बघतो. "उत्तम" आणि "समाधानकारक" यांच्यातली रेघ ज्याची त्याची वेगळी असते. "पाच चित्रं हवीत" असं लिहिलं तर फरक पडणार नाही, पण मुलं पाच चित्रं चिकटवतील आणि कुंभारवाड्यात जाणार नाहीत. शेवटी ती ओळ एखाद्या मुलाला वाचायला द्यायची. स्वतःला किती गुण मिळतील हे त्याला सांगता आलं नाही, तर ती ओळ मुलांसाठी लिहिलेलीच नाही.

या कागदाच्या मर्यादाही सांगते. कुणाच्या बोटांत कला आहे, हे त्याला कळत नाही. मुलांचे नंबर लावायला तो वापरू नये. आणि वर्गात कुंभाराच्या घरचं मूल असेल तर जास्त जपायला हवं. त्याला सगळ्या पायऱ्या घरीच ठाऊक असतात, म्हणून प्रश्नाच्या ओळीत त्याने आजीला किंवा काकांना विचारलेला नवा प्रश्न धरावा. कागदात कामाबद्दल विचारावं, जातीबद्दल एक अक्षरही विचारू नये. ज्या मुलाच्या घरी चाक फिरतं, ते मूल त्या दिवशी वर्गात मान खाली घालून बसलेलं दिसलं, तर आपला प्रकल्प फसला असं समजावं.

बंधुभगिनींनो, माझी एकच विनंती आहे. उद्या शाळेत गेल्यावर तुमच्या प्रकल्पाचा निकषांचा कागद काढा, त्यातला "आकर्षक" हा शब्द खोडा आणि त्या जागी लिहा : "मी काय विचारलं?" मग मुलांना कारागिराकडे पाठवा.