एका स्लाइडवर एकच मुद्दा, पण त्याची अट कुठे ठेवायची?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डिझायनर नाही, हे आधीच सांगून टाकतो. जालन्यात मोंढ्याच्या बाजूला एका टॅक्स कन्सल्टंट सरांचं ऑफिस आहे. त्यांच्यासाठी मी इन्स्टाग्रामचे कॅरोसेल बनवतो, म्हणजे बोटाने सरकवत वाचायच्या स्लाइड. आज माझ्याच एका चुकीबद्दल बोलायचंय.

१ फेब्रुवारी २०२५ ला बजेट आलं. त्याच रात्री मी आठ स्लाइड केल्या. एका स्लाइडवर एक मुद्दा, एकदम कडक नियम. चौथ्या स्लाइडवर फक्त एवढंच होतं: '१२ लाखांपर्यंत टॅक्स शून्य'. हे कोणत्या वर्षापासून लागू, ते पाचव्या स्लाइडवर. मला वाटलं, छान वेगळं केलं!

झालं असं की लोकांनी चौथ्या स्लाइडचा स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअॅपवर फिरवला. पाचवी इन्स्टाग्रामवरच राहिली. सप्टेंबरमध्ये रिटर्न भरायला एक व्यापारी आले, नफा ९ लाख. सरांनी आकडा सांगितला, तर त्यांनी मोबाईल काढून आमचीच स्लाइड पुढे केली. "तुम्हीच तर शून्य म्हणले होते की!"

आता हिशोब बघा. १२ लाखांची गोष्ट २०२५-२६ च्या उत्पन्नाची. ते भरत होते २०२४-२५ चं रिटर्न, आणि त्या वर्षी नव्या करप्रणालीत टॅक्स शून्य होण्याची मर्यादा होती ७ लाख. त्यांच्या ९ लाखांवर ४० हजार टॅक्स आणि ४ टक्के सेस, म्हणजे ४१,६०० रुपये. पैसे बाजूला ठेवलेलेच नव्हते. माझी स्लाइड खोटी नव्हती, अर्धी होती. पण ऐकून घ्यावं लागलं सरांना.

तेव्हापासून मी 'एक मुद्दा' वेगळ्या पद्धतीने मोजतो. आकडा आणि तो ज्या अटीवर खरा आहे ती अट, दोन्ही मिळून एक मुद्दा. वर्ष आणि करप्रणाली आता प्रत्येक स्लाइडच्या वरच्या पट्टीत असते: 'आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली'. खाली कोपऱ्यात नाही, कारण स्क्रीनशॉट कापताना खालचंच आधी जातं.

नवा कॅरोसेल एकाच माणसाचा हिशोब घेऊन चालतो. पहिल्या स्लाइडवर प्रश्न: नफा ९ लाख, टॅक्स किती? दुसरीवर: पहिल्या ४ लाखांवर काही नाही. तिसरीवर: ४ ते ८ लाख, ५ टक्क्यांनी २० हजार. चौथीवर: उरलेल्या १ लाखावर १० टक्के, म्हणजे १० हजार. पाचवीवर: झाले ३० हजार, आणि तेवढाच रिबेट, म्हणून शून्य. इथे लोकांना पहिल्यांदा कळतं की टॅक्स लागलाच नाही असं नाही, लागला आणि माफ झाला. म्हणूनच सहावी स्लाइड पटते: उत्पन्न ४ लाखांच्या वर आहे, तर टॅक्स शून्य असला तरी रिटर्न भरायचंच. सातवीवर: शेअर विकून झालेल्या नफ्यावर खास दराने टॅक्स लागतो, त्याला हा रिबेट नाही.

सरांना आठवी स्लाइड हवी होती: उत्पन्न १२ लाख १० हजार झालं तर? स्लॅबने टॅक्स होतो ६१,५००. पण १२ लाखांच्या वर कमाई फक्त १० हजारांची आहे, म्हणून मार्जिनल रिलीफ मिळून टॅक्स १० हजार, वर सेस. भारी मुद्दा आहे, पण त्यात माणूसही बदलतो आणि आकडाही. मी तो काढून त्याचा वेगळा कॅरोसेल केला. सर दोन दिवस नाराज होते.

मापाचं थोडक्यात. स्लाइड १०८० बाय १३५० पिक्सेल. साध्या मोबाईलवर ती साधारण एक तृतीयांश होऊन दिसते, म्हणून ६० पिक्सेलपेक्षा लहान अक्षर मी ठेवत नाही. मुक्ता फॉन्ट, आणि दोन ओळींत दीडपट अंतर, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. प्रोफाइलच्या ग्रिडमध्ये दोन्ही बाजू थोड्या कापल्या जातात, म्हणून कडेला १०० पिक्सेल रिकामे.

पोस्ट करण्याआधी एक चाचणी घेतो. मधलीच कुठलीतरी स्लाइड एकटी आईला पाठवतो, सोबत काही लिहीत नाही. तिने फोन करून "हे कोणाला लागू?" किंवा "कधीपासून?" असं विचारलं, की ती स्लाइड परत दुरुस्तीला. मागच्या वेळी सातवी स्लाइड दोनदा परत आली. 'शेअर' म्हणजे व्हॉट्सअॅपवर शेअर करणं, असं तिला वाटलं होतं. आता तिथे 'कंपनीचे शेअर' लिहिलंय.